पहिले शंभर वापरकर्ते: लाँचचा आठवडा काउंटरवरून सुरू करा, ग्रुपवर शेवटी जा

कोकणात नवी सेवा सुरू करणारी बरीच मंडळी पहिल्याच सकाळी वीस-पंचवीस व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकतात. दुपारपर्यंत भरपूर लोक लिंक उघडतात आणि संध्याकाळी काहीतरी अडतं. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर पुन्हा लिहायला तोंड राहत नाही. चूक क्रमाची असते. ग्रुपवर पहिली छाप एकदाच पाडता येते. काउंटरवर समोरचा माणूस अडला तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं, म्हणून सुरुवात काउंटरवर करायची, मग कॉलेज आणि सगळ्यात शेवटी ग्रुप.

उदाहरण म्हणून रत्नागिरी शहरातली एक सेवा धरू. पाच खानावळी रोज सकाळी आजचा मेनू टाकतात, लोक मोबाइलवर बघून डबा सांगून ठेवतात, पैसे डबा घेताना काउंटरवरच देतात. चालवणारी माणसं दोन. खालचे आकडे या उदाहरणापुरते, नियोजनाचे आहेत. तुमच्या गावाप्रमाणे ते बदला.

## १. आधी ठरवा: ‘वापरकर्ता’ कोणाला म्हणायचं

नोंदणी केली म्हणजे वापरकर्ता झाला, असं धरू नका. आपल्या उदाहरणात वापरकर्ता म्हणजे ज्याने आठवड्यात निदान एक डबा सांगितला, तो नेला आणि पैसे दिले. त्यातल्या कितींनी दुसऱ्यांदा सांगितला हा आकडा वेगळा लिहायचा. पुढे सेवा टिकेल की नाही ते त्यावरूनच कळतं.

ही व्याख्या आधी कागदावर लिहा, कारण आठवड्याच्या मध्यावर आकडा कमी दिसला की व्याख्या सैल करण्याचा मोह होतो.

शंभरची फोड अशी: काउंटरवरून ३५, कॉलेजातून ३०, ग्रुपमधून ३५. ग्रुपचा वाटा मोठा असूनही तो शेवटी आहे.

## २. आठवडा निवडा

इथे घाई केली तर बाकीची तयारी वाया जाते. तीन गोष्टी एकत्र बघायच्या.

पहिली, महिन्याची तारीख. खानावळीचे महिन्याचे पैसे बहुतेक जण १ तारखेच्या आसपास भरतात. ५ तारखेला तुम्ही समोर गेलात तर गिऱ्हाइकाने महिनाभराचं जेवण आधीच बांधून घेतलेलं असतं, तुमचा मेनू कितीही चांगला असो. म्हणून लाँच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. लोक एक-दोन डबे खाऊन बघतात आणि लगेच १ तारखेचा निर्णय समोर येतो.

दुसरी, खाण्याचे वार. कोकणात पुष्कळ घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार मासळी शिजत नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीचे. त्यामुळे मागणी आठवडाभर सारखी नसते. आठवडा सोमवारपासून धरला तर पहिले दोन दिवस शांत मिळतात आणि बुधवारी पहिली खरी परीक्षा होते.

तिसरी, पंचांग आणि समुद्र. श्रावण टाळा, मार्गशीर्षातले गुरुवार बघून घ्या. नवरात्रात अनेक घरी मासे बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळी कमी आणि महाग. गणपती आणि शिमग्यात चाकरमानी आलेले असतात, गाव भरलेलं दिसतं, पण ती माणसं आठवडाभरात परत जातात. त्यांच्यावर मोजलेला आकडा पुढच्या महिन्यात उरत नाही. कॉलेजच्या परीक्षेचे आठवडे टाळा. या सगळ्यातून जानेवारी किंवा फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सहसा मोकळा निघतो. जानेवारीत २६ तारखेची सुट्टी कुठल्या वारी येते ते मात्र बघा.

तपासा: तुमच्या आठवड्यात तीन मासळीचे वार, चालू कॉलेज आणि पाठोपाठ येणारी १ तारीख, तिन्ही आहेत का? एक जरी नसेल तर आठवडा पुढे ढकला.

## ३. तीन आठवडे आधी: जे ऐनवेळी होत नाही ते

ॲपच काढायचं असेल तर प्ले स्टोअरचा नियम लक्षात घ्या. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ जणांची बंद चाचणी सलग १४ दिवस चालवावी लागते. त्यानंतर अर्ज आणि गुगलची तपासणी. सोमवारी लाँच आणि आदल्या आठवड्यात ॲप चढवायला घेतलं, हे जमत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या शंभरासाठी ॲप नकोच. लिंक उघडली की मेनू दिसेल असं साधं, हलकं वेबपान पुरतं. काउंटरवर उभा असलेला माणूस ॲप उतरवायला थांबत नाही, आणि त्यात फोनमध्ये जागा नसली तर विषयच संपतो.

ओटीपीचंही तसंच. कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंदणी करून, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला दिवस लागतात. आपल्या उदाहरणात ओटीपीची गरज नाही. नाव, मोबाइल क्रमांक आणि खानावळ एवढंच विचारा; डबा देताना खानावळवाल्या मावशी ऑर्डरचा क्रमांक बघतील, तीच पडताळणी.

खाद्यपदार्थांच्या ऑनलाइन ऑर्डर घेणारी सेवाही एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत येते. तुमचा परवाना आणि पाचही खानावळींची नोंदणी वा परवाना लाँचच्या आधी हातात हवा. ज्या खानावळीकडे तो नाही, तिला त्याशिवाय यादीत घेऊ नका.

अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पालकांची संमती सांगितली आहे. म्हणून अकरावी-बारावीची मुलं सोडा, पदवीच्या मुलांपासून सुरुवात करा.

## ४. खानावळींशी बोलणी: आधी मर्यादा विचारा

लाँच फसण्याचं मोठं कारण गिऱ्हाईक न येणं हे नसतं. बुधवारी वीस जास्तीचे डबे सांगितले जातात आणि मावशींकडे बारांचीच सुरमई असते, तिथे फसतं. त्यामुळे प्रत्येक खानावळीत जाऊन पहिला प्रश्न हा विचारा:

“मावशी, रोजच्या गिऱ्हाइकांना सोडून बुधवारी आणि शुक्रवारी तुम्ही वरचे किती डबे देऊ शकाल? अगदी खात्रीने देता येतील तेवढेच सांगा.”

उत्तर वारानुसार लिहा. पाच खानावळींनी मासळीच्या वारी प्रत्येकी १२ म्हटलं तर एका वेळची तुमची कमाल मर्यादा ६०. पानावर प्रत्येक खानावळीपुढे तो आकडा टाका आणि बारावा डबा सांगून झाला की ‘आजचे डबे संपले’ असं आपोआप दिसू द्या. हे नसेल तर लाँच करू नका.

दुसरा करार वेळेचा. मिरकरवाडा बंदरावर सकाळी काय मासळी मिळाली यावर दुपारचा मेनू ठरतो. आदल्या रात्री सुरमई लिहायची आणि दुपारी बांगडा द्यायचा, हे एकदा झालं तरी ते गिऱ्हाईक परत येत नाही. नियम असा ठेवा: मासळी स्वयंपाकघरात आल्यावरच मेनू टाकायचा, साडेनऊपर्यंत. डबा सांगायची शेवटची वेळ अकरा. मावशींना मोबाइलवर लिहिणं जड जात असेल तर त्यांनी फोनवर सांगावं, तुम्ही टाका. पहिला आठवडा हे काम तुमचंच आहे.

खानावळीला यात काय मिळतं? अकरा वाजता डोक्यांची संख्या कळते, त्यामुळे भात आणि कालवण उरत नाही. बोलताना हेच सांगा. कमिशनचा विषय पहिल्या आठवड्यात काढू नका.

## ५. काउंटरची मांडणी

पाच खानावळींखेरीज आणखी चार काउंटर घ्या: कॉलेजजवळची दोन झेरॉक्सची दुकानं, एक मेडिकल, एक रिचार्जचं दुकान. रत्नागिरीत बरीच दुकानं दुपारी बंद असतात, तेव्हा त्यांच्याशी बोलायला सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी जा.

काउंटरवर ठेवायचं कार्ड नीट बनवा. क्यूआरची बाजू निदान सहा सेंटीमीटर ठेवा, हातभर अंतरावरून सहज वाचला जातो. लॅमिनेशन चकचकीत नको. ट्यूबलाइटचा उजेड पडला की कॅमेरा गोंधळतो. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की गल्ल्याजवळ आधीच पैसे देण्याचा क्यूआर असतो. लोक सवयीने पेमेंटचं ॲप उघडून तुमचा क्यूआर स्कॅन करतात, ते ॲप तो नाकारतं आणि माणूस ‘हे चालत नाही’ म्हणून निघून जातो. तुमचं कार्ड पेमेंटच्या क्यूआरपासून हातभर लांब, वेगळ्या रंगात ठेवा. वर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘आज जेवायला काय? फोनच्या कॅमेऱ्याने बघा.’ खाली छोटी लिंकही छापा. काहींना क्यूआरची धास्ती असते, ते लिंक टाइप करतील.

प्रत्येक काउंटर, प्रत्येक विद्यार्थी आणि प्रत्येक ग्रुप यांना वेगळी लिंक द्या:

```
https://example.com/?s=k3
https://example.com/?s=c2
https://example.com/?s=g1
```

यात k म्हणजे काउंटर, c कॉलेज, g ग्रुप, पुढे क्रमांक. पान उघडताना ही खूण नोंदणीसोबत साठवून ठेवा. लिंक पुढे पाठवली की खूणही तिच्याबरोबर जाते, म्हणून पहिल्या डब्याच्या वेळी ‘कुणी सांगितलं?’ हा एक प्रश्न तोंडीही विचारा.

सावध: दुकानदाराला दर नोंदणीमागे पैसे देऊ नका. घरातल्या सगळ्यांचे नंबर भरले जातात आणि डबा कुणीच नेत नाही. द्यायचेच असतील तर पहिला डबा नेल्यावर द्या.

## ६. सोमवार, मंगळवार: फक्त काउंटर

दोघांनी दोन खानावळींत उभं राहायचं, दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री आठ ते साडेनऊ. दोन दिवसांत अशा आठ पाळ्या होतात. एका माणसाला पान उघडून, नाव भरून, उद्याचा डबा कुठे सांगायचा ते दाखवायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि गर्दीत निम्मे लोक थांबत नाहीत. एका पाळीत सहा नोंदी धरा. आठ पाळ्यांच्या ४८ होतात आणि त्यातले साधारण ३५ जण आठवड्यात डबा नेतील असं नियोजन ठेवा.

बोलायचं जेवण झाल्यावर, हात धुऊन माणूस पैसे द्यायला आला की. आधी नाही. वाक्य छोटं:

“काका, उद्या इथे काय आहे ते सकाळीच मोबाइलवर कळेल. डबा ठेवायला सांगितलात तर संपला असं होणार नाही. दाखवू का?”

फोन त्यांच्याच हातात राहू द्या. त्यांचं बोट कुठे अडतं ते बघा आणि वहीत लिहा. तीन जण एकाच जागी अडले तर त्या रात्री ती जागा दुरुस्त करा. ग्रुपवर शंभर जणांनी लिंक उघडली असती तर ही अडचण तुम्हाला दिसलीच नसती.

प्रत्येक खानावळीत एक वहीही ठेवा. वीज किंवा नेटवर्क गेलं की नाव आणि नंबर वहीत घ्यायचा, नंतर तुम्ही भरायचा.

मंगळवार रात्रीची तपासणी: नोंदणी झालेल्यांना एकेकट्याला संदेश पाठवा, ‘उद्याचा मेनू साडेनऊला येईल.’ ब्रॉडकास्ट यादीवर अवलंबून राहू नका, कारण ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही. म्हणून काउंटरवरच नंबर साठवून घ्या.

## ७. बुधवार: नवीन कुणालाही आणायचं नाही

पहिला मासळीचा वार. आज प्रचार बंद. दोघांनी फक्त बघायचं: मेनू साडेनऊला आला का, सांगितलेले डबे आणि दिलेले डबे जुळले का, काउंटरवर ऑर्डर क्रमांक शोधायला किती वेळ लागला.

अकरापर्यंत वीसहून कमी डबे सांगितले गेले, तर सोमवार-मंगळवारच्या यादीतल्या दहा जणांना फोन करून कारण विचारा. दोनपेक्षा जास्त डबे चुकले तर कॉलेजचा टप्पा एक दिवस पुढे ढकला. हा दिवस रिकामा ठेवायला मन धजत नाही, तरी ठेवा. गुरुवारी येणारी मुलं एकमेकांना सांगणारी असतात, आणि बिघडलेली गोष्ट ती आणखी लवकर सांगतात.

## ८. गुरुवार, शुक्रवार: कॉलेज

रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर, फिनोलेक्सचं अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय असं बरंच शिकणारं जग आहे. पण सगळी मुलं तुमची गिऱ्हाइकं नव्हेत. ज्या वसतिगृहात मेसचे पैसे सक्तीने भरावे लागतात तिथली मुलं सोडा. गावातून रोज एसटीने येणारी डबा घरून आणतात, तीही सोडा. तुमची माणसं म्हणजे खोली घेऊन किंवा कॉट बेसिसवर राहणारी.

अशा खोल्यांतल्याच सहा मुलामुलींना आठवडाभर आधी गाठा. वर्गप्रतिनिधी असेल तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती स्वतः खोली करून राहणारी हवीत. त्यांनी बुधवारचा डबा स्वतः पैसे देऊन खाल्लेला असावा. प्रत्येकाने आपल्या खोलीतले आणि शेजारचे मिळून सहा जण आणायचे. एकूण ३६ होतात, त्यातले ३० डबा नेतील असं धरा. सहाच्या वर सांगू नका. मोठा आकडा दिला की मुलं ओळख नसलेल्यांना लिंक पाठवत सुटतात.

आवारात उभं राहून माहिती द्यायची असेल तर कॉलेजची परवानगी घ्या. नाहीतर फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात कार्ड आहेच.

गुरुवारी संध्याकाळी खोल्यांमध्ये नोंदणी, शुक्रवारी मासळीचा डबा. हा क्रम उलटा करू नका. शनिवारी-रविवारी बरीच मुलं लांजा, राजापूर, संगमेश्वरकडे घरी जातात. शुक्रवार हुकला तर थेट पुढच्या आठवड्यावर जातं.

## ९. शनिवार, रविवार: ग्रुप

आता ग्रुप. चारच घ्या: दोन रहिवासी सोसायट्यांचे, एक बदलीवर आलेल्या नोकरदारांचा, एक महिला बचत गटाचा किंवा मंडळाचा.

कोकणातल्या ग्रुपची सदस्यसंख्या फसवी असते. वाडीच्या ग्रुपवर चारशे माणसं असतात, पण त्यातली मोठी संख्या मुंबई, डोंबिवली, विरारला. ग्रुप निवडताना मागे जाऊन ‘लाइट गेली का?’ किंवा ‘पाणी आलं का?’ असा संदेश शोधा. त्याला उत्तर देणारे जितके, तितकीच माणसं खरोखर गावात आहेत. त्या संख्येवरून हिशेब करा.

(मुंबईला असलेला मुलगा रत्नागिरीतल्या आईवडिलांसाठी डबा सांगू शकतो, आणि अशी मागणी येईलही. त्याला घरपोच लागेल. नाव लिहून ठेवा, पहिल्या आठवड्यात हो म्हणू नका.)

ॲडमिनना आधी फोन करा. संदेश तुम्ही टाकू नका. त्याच ग्रुपवरच्या, डबा खाल्लेल्या माणसाने टाकावा, आणि तो नव्याने टाइप करून. फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण दिसते, शिवाय असा संदेश एका वेळी एकाच ग्रुपला पुढे पाठवता येतो. मजकूर साधा असू द्या:

> नमस्कार. मी या आठवड्यात दोनदा डबा घेतला, मारुती मंदिरजवळच्या खानावळीतून. सकाळी साडेनऊला मेनू दिसतो, अकरापर्यंत सांगून ठेवायचा, पैसे तिथेच द्यायचे. उद्या रविवारी मासळी आहे. लिंक खाली देत आहे. काही विचारायचं असेल तर मला विचारा.

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास टाका, कारण रविवारच्या जेवणाचा विचार तेव्हा सुरू होतो. चारही ग्रुपवर एकाच वेळी नको. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने टाका आणि पहिल्या तासातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या. उत्तर न मिळालेला एक प्रश्न दिसला की बाकीचे लिंक उघडत नाहीत.

तपासा: रविवारी कुठल्या खानावळी उघड्या आहेत आणि मर्यादा किती? ग्रुपमधून ३५ आणि आधीचे १५ धरले तर ५० होतात. पाचपैकी एक जरी बंद असली तर मर्यादा ४८ वर येते. मग तिसऱ्या ग्रुपवरच थांबा, चौथा बुधवारसाठी ठेवा.

## १०. सोमवारी मोजणी

खुणेप्रमाणे तीन रकाने करा: नोंदणी, पहिला डबा, दुसरा डबा. काउंटरवरून आलेल्यांना दुसऱ्या डब्यासाठी बुधवार आणि शुक्रवार मिळाले, ग्रुपवाल्यांना एकही दिवस नाही. तेव्हा दुसरा डबा मोजताना ग्रुपचा रकाना पुढच्या शुक्रवारपर्यंत रिकामा ठेवा. नाहीतर ग्रुप निकामी असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

शंभरऐवजी साठ आले तर कुठल्या रकान्यात गळती झाली ते बघा. नोंदणी भरपूर आणि पहिला डबा कमी असेल, तर सकाळचा मेनू उशिरा येतोय किंवा संदेश पोचत नाहीये. पहिला डबा भरपूर आणि दुसरा कमी असेल, तर पाचपैकी कुठल्या खानावळीत हे होतंय ते वेगळं काढा. बहुधा एकाच ठिकाणी निघतं. तिथे स्वतः दोन वेळा डबा घेऊन खा आणि मगच मावशींशी बोला.

ज्यांनी दोनदा डबा घेतला त्यांची यादी प्रत्येक खानावळीला १ तारखेच्या दोन दिवस आधी द्या आणि त्या माणसांना स्वतः फोन करून विचारा: “येत्या महिन्यात महिन्याचे पैसे भरणार आहात, की रोज सांगून घेणार?” उत्तर दोन्हींपैकी काहीही आलं तरी लिहून ठेवा, कारण पुढच्या महिन्यात प्रत्येक खानावळीने वरचे किती डबे ठेवायचे ते याच यादीवरून सांगायचं आहे.